कायदेविषयक हक्क पुस्तिकेचे सोप्या मराठीतील लेखन

कायदेविषयक हक्क पुस्तिका म्हणजे कमी शिकलेल्या किंवा नुकतेच वाचायला शिकलेल्या वाचकांना त्यांचे कायदेशीर हक्क आणि ते मिळवण्याचा मार्ग सांगणारी छोटी पुस्तिका होय. अशी पुस्तिका लहान वाक्यांत आणि रोजच्या वापरातील शब्दांत लिहिली जाते. मात्र मजकूर सोपा करताना कायद्याचा अर्थ बदलणार नाही, याची दक्षता घेणे हा या लेखनातील सर्वांत अवघड भाग असतो. या लेखात मोफत वकील मिळण्याच्या हक्काचे पान उदाहरणादाखल घेतले आहे.

== कायदेशीर आधार ==

भारतीय राज्यघटनेत १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी मोफत कायदेविषयक साहाय्याची तरतूद करण्याचे निर्देश त्यात राज्यसंस्थेला दिले आहेत. त्यानुसार विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ संमत झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा व तालुका अशा स्तरांवर त्याची रचना आहे. लोकांमध्ये कायद्याविषयी साक्षरता पसरवणे हे याच कायद्याने नेमून दिलेले एक काम आहे.

पुणे जिल्ह्यातील वरकुटे बुद्रुक व वरकुटे खुर्द ही गावे इंदापूर तालुक्यात येतात. अशा गावातील वाचकासाठी या रचनेतील महत्त्वाची पायरी तालुका विधी सेवा समिती ही असते. त्यामुळे पुस्तिकेत चारही स्तरांचे वर्णन न करता तालुक्याच्या कोर्टात कोठे जायचे आणि राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० हा आहे, एवढेच सांगणे पुरेसे ठरते. वरकुटे नावाची गावे अन्यत्रही असल्याने अर्जात गावाच्या नावापुढे बुद्रुक की खुर्द हे, तसेच तालुका लिहावा, अशी सूचनाही उपयुक्त ठरते.

== शब्दांची निवड ==

पहिली अडचण कार्यालयाच्या नावातच येते. राजभाषेच्या परिभाषेत ‘विधी’ म्हणजे कायदा. बोलीत मात्र हा शब्द लग्नविधी, अंत्यविधी अशा धार्मिक कृत्यांसाठी वापरला जातो. ‘विधी सेवा’ या नावावरून तेथे वकील मिळतो, हे नवसाक्षर वाचकाला उमगत नाही. तरीही हा शब्द पुस्तिकेतून वगळता येत नाही, कारण कोर्टातील पाटीवर तोच असतो. म्हणून तो एकदा जसाच्या तसा देऊन लगेच अर्थ सांगावा लागतो: ‘कोर्टात तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय शोधा. विधी म्हणजे कायदा. येथे वकिलाची मदत मिळते.’

सोपे शब्द म्हणजे शुद्ध मराठी शब्दच, असे नाही. वकील, अर्ज, जामीन, तारीख, मुदत, हक्क हे फारसी-अरबी मूळ असलेले, आणि कोर्ट, नोटीस, पोलीस यांसारखे इंग्रजीतून आलेले शब्द गावोगावी रुळले आहेत. अधिवक्ता, प्रतिभू, दिनांक, न्यायालय या शब्दांपेक्षा ते लवकर समजतात. ‘फुकट’ हा शब्द सोपा असला, तरी त्यातून कमी दर्जाची छटा व्यक्त होते. म्हणून ‘मोफत’ अधिक योग्य ठरतो.

== वाक्यरचना ==

मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात आणि नामाचे रूपही बदलते. त्यामुळे ‘उत्पन्नमर्यादेव्यतिरिक्त’ किंवा ‘आदेशान्वये’ असे लांब शब्द तयार होतात. अक्षर लावून वाचणारा वाचक शब्दाच्या शेवटापर्यंत पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरतो. असा शब्द फोडून वाक्यच नव्याने लिहावे लागते: ‘आदेशान्वये’ऐवजी ‘कोर्टाने सांगितले म्हणून’.

कर्मणी रचनाही टाळली जाते. ‘अर्ज सादर करण्यात यावा’ या वाक्यात अर्ज कोणी आणि कोणाकडे द्यायचा, हे स्पष्ट होत नाही. ‘तुम्ही अर्ज समितीच्या कार्यालयात द्या’ यात ते स्पष्ट होते.

== उदाहरण: कलम १२ ==

मोफत वकील कोणाला मिळतो, हे अधिनियमाच्या कलम १२ मध्ये दिले आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी, स्त्रिया, मुले, दिव्यांग, मोठी आपत्ती वा जातीय अत्याचाराची झळ बसलेले लोक, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले लोक आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांचा त्यात समावेश होतो. महाराष्ट्रात ही मर्यादा वार्षिक तीन लाख रुपये आहे.

कार्यालयीन वळणाचे वाक्य साधारण असे असते: ‘विहित उत्पन्नमर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्या तसेच कलम १२ मधील अन्य प्रवर्गांत मोडणाऱ्या व्यक्ती मोफत विधी सेवेस पात्र असतील.’ ते घाईने सोपे केल्यास ‘गरीब लोकांना मोफत वकील मिळतो’ असे होते. हे वाक्य लहान आहे. पण अपुरे असल्याने दिशाभूल करणारे आहे. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. नावावर बागायत जमीन असलेली स्त्री हे वाक्य वाचून ‘हे आपल्यासाठी नाही’ असे मानते आणि जमिनीतील वाट्यासाठी किंवा पोटगीसाठी मदत मागायला जात नाही.

यादी देण्यातही एक धोका असतो. शासकीय योजनांच्या अर्जावरील कागदपत्रांच्या यादीत बहुधा सर्वच गोष्टी लागतात, अशी वाचकाला सवय असते. कलम १२ मधील यादीतील मात्र एकच बाब लागू असली तरी पुरते. हे यादीच्या आधीच सांगावे लागते. सुधारलेला मजकूर असा होऊ शकतो:

: ‘खालीलपैकी एक गोष्ट लागू असली तरी पुरे.
: तुम्ही बाई आहात. मग तुमची कमाई कितीही असो.
: तुमचे वय १८ पेक्षा कमी आहे.
: तुम्ही अनुसूचित जातीचे किंवा जमातीचे आहात.
: तुम्ही पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात आहात.
: तुमच्या वर्षाच्या कमाईचा आकडा तीन लाख रुपयांपेक्षा कमी आहे.’

उरलेल्या बाबीही याच पद्धतीने लिहिल्या जातात. कलम १३ मधील अट शेवटी येते. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असल्याची प्राधिकरणाची खात्री व्हावी लागते. ‘तुमच्या म्हणण्याला आधार आहे का, हे कार्यालय आधी पाहते’ असे ते लिहिता येते. ही अट गाळल्यास वाचकाला पुस्तिकेने खोटे आश्वासन दिल्यासारखे होते.

== वाचून तपासणे ==

छपाईपूर्वी मजकूर प्रत्यक्ष वाचकांकडून मोठ्याने वाचून घेतला जातो. वाचक जेथे अडखळतो किंवा मागे जातो, तेथे खूण केली जाते. ‘समजले का?’ हा प्रश्न निरुपयोगी असतो, कारण संकोचामुळे उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते. त्याऐवजी एक प्रसंग सांगून निर्णय विचारला जातो: ‘एका बाईच्या नावावर पाच एकर बागायत आहे. तिला मोफत वकील मिळेल का?’ वाचकांनी ‘नाही’ असे उत्तर दिल्यास दोष वाचकांचा नव्हे, तर मजकुराचा मानून ते पान पुन्हा लिहिले जाते. त्यानंतर कायदा जाणणाऱ्या व्यक्तीकडून ते पुन्हा तपासून घ्यावे लागते.

== मर्यादा ==

काही संज्ञा सोप्या शब्दांत पूर्णपणे मावत नाहीत. ‘औद्योगिक कामगार’ऐवजी नुसते ‘कामगार’ लिहिल्यास शेतमजूर किंवा ऊसतोड करणारी व्यक्ती केवळ त्या कामामुळे पात्र ठरते, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात तिची पात्रता उत्पन्न किंवा यादीतील अन्य बाबीवरून ठरू शकते. अशा ठिकाणी ‘कारखान्यातील कामगार. इतर कामगारांनी कार्यालयात विचारावे’ असे लिहिणे सुरक्षित असते. उत्पन्नाची मर्यादा शासन बदलू शकते. त्यामुळे पुस्तिकेवर छपाईचा महिना व वर्ष ठळक छापणे आवश्यक असते. पुस्तिका वकिलाच्या सल्ल्याची जागा घेत नाही. वाचकाला त्या सल्ल्यापर्यंत पोहोचवणे हाच तिचा उद्देश असतो.