वडनेरच्या घराचा भाडेपट्टा: मसुदालेखनाच्या सरावाची प्रस्तावना

हस्तांतरणाच्या दस्तांकडे नव्याने वळलेल्या वाचकासाठी हा सराव आहे. खरेदीखत किंवा गहाणखत हातात घेण्याआधी राहत्या घराचा भाडेपट्टा लिहून पाहावा, असे मला मनापासून वाटते. खरेदीखत झाले की दोन्ही पक्ष बहुधा आपापल्या वाटेने जातात. भाडेपट्ट्यातले पक्ष मात्र वर्षानुवर्षे दर महिन्याला एकमेकांशी व्यवहार करत राहतात, आणि मसुद्यातली प्रत्येक फट त्यांना कधी ना कधी सापडते. शिवाय या दस्ताच्या मागे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उभा आहे. दस्त जिथे गप्प राहतो तिथे हा कायदा बोलतो. तो काय बोलेल हे ओळखून मगच कलम लिहायचे, एवढी एकच सवय या सरावातून लागावी अशी अपेक्षा आहे.

घर वडनेरचे घेऊ. हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर–हैदराबाद महामार्गावरचे हे गाव. गावठाणातले दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे अंगण असलेले घर. मालकीण वयस्क आहेत आणि आता मुलाकडे नागपूरला राहतात. किरायाने येणारे गृहस्थ शिक्षक आहेत, कुटुंब सोबत आहे. किराया महिन्याला ४,००० रुपये, अनामत १२,००० रुपये, मुदत ३ वर्षे. माणसे काल्पनिक आहेत, पण अशी बोलणी आपल्याकडे ओसरीवर बसून रोज होतात आणि बहुतेकदा तिथेच संपतात.

पहिला प्रश्न दस्ताच्या रूपाचा. महाराष्ट्रात शहरी वाचकाला ११ महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार परिचयाचा असतो. तो परवाना आहे. त्यात घरात राहण्याची मुभा मिळते, घरात हितसंबंध निर्माण होत नाही. भाडेपट्ट्यात घराचा उपभोग घेण्याचा हक्क ठरलेल्या काळापुरता किरायेदाराकडे जातो. दस्ताच्या माथ्यावर काय लिहिले आहे यावरून न्यायालय हा फरक ठरवत नाही. पक्षांचा खरा हेतू काय होता आणि घराचा अनन्य ताबा दिला होता का, हे ते पाहते. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात ही कसोटी मांडली. आपल्या शिक्षकांना ३ वर्षे निर्वेध राहायचे आहे आणि मालकीणबाईंनाही तेच हवे आहे, म्हणून आपण भाडेपट्टाच लिहू.

३ वर्षांची मुदत म्हटली की कायद्याचे कलम १०७ लागू होते. एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो आणि त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात. मुद्रांकाच्या कागदावर लिहून नोटरीचा शिक्का घेतला म्हणजे काम झाले, हा समज फार पसरलेला आहे. तसा कागद ३ वर्षांचा पट्टा निर्माण करत नाही. ताबा दिला-घेतला गेला असेल आणि किराया चालू असेल, तर नाते उरते ते महिनेवारीचे; आणि कलम १०६ प्रमाणे ते १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. शिक्षकांनी ३ वर्षांच्या भरवशावर मुलीचे नाव गावच्या शाळेत घातलेले असते आणि हाती मात्र पंधरवड्याची शाश्वती असते. त्याच कागदातली अनामतीची किंवा किरायावाढीची कलमे पुराव्यात दाखल करतानाही अडचण येते. राहत्या घरांना १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या क्षेत्रात तर कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे आणि दस्त नसेल तर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणून दस्त लिहायला घेण्याआधी त्या कायद्याच्या अनुसूची उघडून घर कोणत्या क्षेत्रात येते ते पाहणे, ही सरावाची पहिली पायरी.

मुदतीच्या कलमापाशी मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सर्वात निरुपद्रवी दिसणारे वाक्य इथेच दगा देते. विद्यार्थी लिहितो: ‘सदर पट्टा दिनांक १ जुलै २०२५ पासून ३ वर्षांकरिता राहील.’ आता हस्तांतरण कायद्याचे कलम ११० वाचा. मुदत एखाद्या दिवसापासून सुरू होते असे लिहिले, तर मोजणीत तो दिवस वगळला जातो आणि विरुद्ध काही ठरले नसेल तर पट्टा त्या तारखेचा वर्धापनदिन पूर्ण होईपर्यंत चालतो. म्हणजे मालकीणबाईंच्या मनात ३० जून २०२८ आणि कायद्याच्या हिशेबात १ जुलै २०२८. एका दिवसाने काय बिघडते, असे वाटेल. नवा किरायेदार १ जुलैला सामानाचा ट्रक घेऊन दारात उभा राहिला की काय बिघडते ते कळते. उपाय सोपा आहे: ‘१ जुलै २०२५ ते ३० जून २०२८, दोन्ही दिवस धरून.’

त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे. ते मला या संपूर्ण प्रकरणातले सर्वात शिकवणारे वाटते. पट्टा मुदतीआधी संपवता येईल असे लिहिले, पण कोणाच्या इच्छेने ते लिहिले नाही, तर तो पर्याय किरायेदाराचा समजला जातो, मालकाचा नाही. ‘३ महिन्यांची आगाऊ सूचना देऊन हा पट्टा संपुष्टात आणता येईल’ हे वाक्य अनेक तयार नमुन्यांत जसेच्या तसे असते. दोन्ही बाजूंना ते सारखे लागू आहे असे समजून मालक सही करतात, पण कर्त्याविना लिहिलेले ते वाक्य त्यांना काहीच देत नाही. उलट, असे वाक्यच नसेल तर शिक्षकांची बदली झाली तरी त्यांना ३० जून २०२८ पर्यंतचे बंधन राहते. म्हणून आपल्या मसुद्यात दोन स्वतंत्र वाक्ये हवीत. किरायेदाराची बदली झाल्यास त्याने आदेशाची प्रत जोडून १ महिन्याची लेखी सूचना द्यावी. मालकीणबाईंना स्वतः राहायला परत यायचे असेल तर त्यांनी ३ महिन्यांची द्यावी, आणि तीही पहिले वर्ष संपल्यावरच. हे आकडे बोलणीचे आहेत, बदलू शकतात. वाक्याला कर्ता असणे मात्र बदलू नये.

मुदतवाढीची गोष्टही इथेच. ‘३ वर्षांनंतर आणखी ३ वर्षे वाढवता येईल’ हे आपुलकीने लिहिलेले वाक्य मुद्रांक शुल्कावर परिणाम करते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३६ प्रमाणे ५ वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने शुल्क लागते, आणि ५ ते १० वर्षांच्या पट्ट्याला २५ टक्के रकमेवर. वाढीव काळ दस्तात स्पष्ट नमूद असेल तर तो मूळ मुदतीत धरतात. घराचे मूल्य ८ लाख धरले तर ८० हजारांऐवजी २ लाखांवर शुल्क भरावे लागेल. वाढ खरोखर हवी आहे का, हे पक्षांना विचारूनच ते वाक्य लिहावे.

किरायाचे कलम त्यामानाने सरळ आहे. रक्कम अंकी आणि अक्षरी, देय तारीख, देण्याची रीत आणि पावती, एवढे त्यात यावे. वाढ टक्क्यांत लिहून सोडू नका. दरसाल ५ टक्के ठरले असेल तर ४,०००, ४,२०० आणि ४,४१० असे तिन्ही वर्षांचे आकडे लिहा, म्हणजे वाढ मूळ रकमेवर की वाढलेल्या रकमेवर हा वाद उरत नाही.

अनामतीबाबत हस्तांतरण कायदा मालक-किरायेदारांसाठी काहीच ठरवून देत नाही, त्यामुळे सगळे दस्तानेच सांगायला हवे. अनामत शेवटच्या महिन्यांच्या किरायात वळती होईल की नाही? आपल्याकडचा नेहमीचा तंटा हाच. किरायेदार शेवटचे ३ महिने किराया देत नाही आणि म्हणतो, अनामतीतून घ्या. मग वीजबिल आणि फुटलेले कवेलू यांची भरपाई कशातून? वळती होणार नाही, असे लिहावे. मग मालकीणबाईंवरही तेवढेच बंधन हवे: ताबा आणि अनामत यांची देवाणघेवाण एकाच वेळी, आणि कपात फक्त थकीत किराया, वीज-पाण्याची देयके व नुकसान यांचीच. नुकसान म्हणजे काय हे ठरवायला कलम १०८ मदत करते: वाजवी झीज वगळता घर जसे घेतले तसे परत करायचे. ‘जसे घेतले’ ते सिद्ध होण्यासाठी दस्ताला स्थितिदर्शक परिशिष्ट जोडा. त्यात मीटरचा आकडा, दारे-खिडक्या, नळ, छताची अवस्था आणि ताब्याच्या दिवशीची तारीख व सह्या असाव्यात.

राहिले शर्तभंगाचे कलम. ‘कोणतीही अट मोडल्यास पट्टा आपोआप रद्द होईल’ हे वाक्य दिसायला कडक आहे, पण पोकळ आहे. कलम १११(ग) नुसार अट मोडल्याने पट्टा जप्त व्हायचा, तर त्या अटीतच ‘भंग झाल्यास मालकाला घराचा ताबा परत घेण्याचा हक्क राहील’ असे स्पष्ट हवे, आणि पुढे मालकाने लेखी नोटीस द्यावी लागते. किरायाच्या थकबाकीखेरीज इतर भंगासाठी, पोटभाड्याची अट वगळता, कलम ११४अ प्रमाणे आधी भंग नेमका कोणता ते कळवून तो सुधारण्याची संधी द्यावी लागते. थकबाकीसाठी दावा झाला तरी सुनावणीत किरायेदाराने बाकी, व्याज आणि खर्च भरला किंवा पुरेसे तारण दिले तर न्यायालय त्याला जप्तीपासून सोडवू शकते. आणि भंग माहीत असूनही त्यानंतरचा किराया मालकाने स्वीकारला, तर कलम ११२ प्रमाणे जप्ती सोडून दिली असे समजले जाते. त्यामुळे नोटीस दिल्यावर पावती कशी लिहायची, हेही मालकीणबाईंना समजावून सांगणे मसुदा लिहिणाऱ्याचेच काम आहे.

ताबा परत घेण्याचा हक्क लिहिला म्हणजे कुलूप बदलण्याची मुभा मिळाली असे नाही. कायद्याच्या मार्गाशिवाय घराबाहेर काढलेला किरायेदार १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो. घर भाडे नियंत्रण कायद्याच्या क्षेत्रात असेल तर आणखी एक मर्यादा आहे. तिथे पट्टा संपला म्हणून ताबा मिळत नाही. कायद्यात दिलेले एखादे कारण सिद्ध करावे लागते, आणि थकबाकीच्या दाव्याआधी लेखी मागणीनंतर ९० दिवस थांबावे लागते. दस्तात ३० दिवस लिहिले तरी ते ९०च राहतात.

३० जून २०२८ उलटला, शिक्षक राहत आहेत आणि मालकीणबाईंनी जुलैचा किराया हसतमुखाने घेतला, असे समजा. वेगळे काही ठरले नसेल तर हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे त्यातून नवी महिनेवारी सुरू होते. ते नको असेल तर मुदतीनंतर स्वीकारलेली रक्कम वापराच्या भरपाईपोटी समजावी, असे मसुद्यात लिहिलेले हवे. वाचकाने इथे पुस्तक मिटून कोरा कागद घ्यावा. घराचे वर्णन ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून आणि चतुःसीमा जागेवर उभे राहून लिहावी, मुदत, किराया, अनामत आणि शर्तभंग ही चारही कलमे आपल्या शब्दांत बसवावीत आणि मगच पहिल्या प्रकरणातल्या नमुन्याशी ताडून पाहावीत.