आयर्न बटरफ्लाय की आयर्न कॉन्डॉर?

दोन्ही रणनीतींमध्ये एक कॉल आणि एक पुट विकून प्रीमियम मिळवतात आणि तोटा मर्यादित राहावा म्हणून दूरचे कॉल-पुट विकत घेतात. फरक विकलेल्या स्ट्राइकचा आहे.

समजा, निफ्टी 25,000 वर आहे. बटरफ्लायमध्ये कॉल आणि पुट दोन्ही 25,000 चेच विकले आणि 25,300 चा कॉल व 24,700 चा पुट घेतला. हाती निव्वळ 200 अंक आले. एक्स्पायरीला निफ्टी 24,800 ते 25,200 मध्ये राहिला तर नफा. पण पूर्ण 200 अंक फक्त 25,000 वरच मिळतात. कमाल तोटा 100 अंक.

कॉन्डॉरमध्ये 25,200 चा कॉल व 24,800 चा पुट विकून 25,500 आणि 24,500 चे घेतले. मिळाले 80 अंक. नफ्याचा पट्टा मात्र 24,720 ते 25,280, आणि 24,800 ते 25,200 मध्ये कुठेही पूर्ण 80 अंक. कमाल तोटा 220 अंक.

म्हणजे निफ्टी 25,000 पासून 120 अंकांच्या आत थांबला तर बटरफ्लाय सरस. त्यापुढे 380 अंकांपर्यंत कॉन्डॉर बरा. त्याहून मोठी उडी घेतली तर बटरफ्लायचा तोटा कमी. आकडे काल्पनिक असून ब्रोकरेज व कर धरलेले नाहीत.