पुट-कॉल गुणोत्तर : एकच आकडा, तीन अर्थ

शेअर बाजाराच्या मनाचा ठाव घेण्यासाठी आज असंख्य लोक एका आकड्याकडे पाहतात. पुट ऑप्शनचे व्यवहार भागिले कॉल ऑप्शनचे व्यवहार, म्हणजेच पीसीआर. या आकड्याने खरोखर काही भाकीत होते का, याची कसून परीक्षा फार उशिरा झाली. त्या परीक्षेची ही हकिकत.

२६ एप्रिल १९७३ रोजी शिकागोमध्ये ऑप्शनचा पहिला संघटित बाजार उघडला. आरंभी तेथे अवघ्या १६ कंपन्यांचे कॉल होते; पुट आले ते १९७७ साली. पुढे या गुणोत्तराचे जनकत्व मार्टिन झ्वाइग या विश्लेषकाला दिले गेले. पुटची गर्दी म्हणजे भीतीचा कळस, आणि भीती कळसाला पोचली की बाजार उलटतो, असा त्याचा उलट्या दिशेचा तर्क होता. १६ ऑक्टोबर १९८७ च्या शुक्रवारी दूरचित्रवाणीवर त्याने मोठ्या घसरणीची धास्ती बोलून दाखवली आणि सोमवारी डाऊ निर्देशांक २२.६ टक्के कोसळला. झ्वाइगचे नाव झाले, पण एका अचूक भाकिताने निर्देशकाची परीक्षा होत नाही. शिवाय त्याचे मत काही केवळ या गुणोत्तरावर उभे नव्हते.

खरी परीक्षा २००६ साली प्रसिद्ध झाली. जुन पान आणि ॲलन पोटेशमन या अभ्यासकांना शिकागो बाजाराची १९९० ते २००१ या काळातील अशी नोंद मिळाली, जी सामान्य गुंतवणूकदाराला दिसत नसे. तीत प्रत्येक व्यवहार नवी खरेदी आहे, नवी विक्री आहे की जुना सौदा मिटवणे आहे, हे वेगवेगळे लिहिलेले होते.

या विभागणीचे मोल एका कल्पित उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, एखाद्या शेअरमध्ये दिवसभरात ग्राहकांचे ६०० कॉल आणि ३०० पुट फिरले. गुणोत्तर ०.५; वरवर पाहता तेजीचे वारे. आता आत डोकावू. ६०० कॉलपैकी ३०० जुने सौदे मिटवण्याचे, २०० हातातील शेअरवर कॉल विकून हप्ता कमावणाऱ्यांचे, आणि नव्याने विकत घेतलेले केवळ १००. पुटमध्ये मात्र १०० मिटवण्याचे आणि २०० नव्या खरेदीचे. म्हणजे नव्या खरेदीपुरते गुणोत्तर २. अर्थ थेट उलटला!

ओपन इंटरेस्टची अडचणही हीच. खरेदीदार आणि विक्रेता दोघेही नवे असतील तर तो वाढतो, दोघेही सौदा मिटवत असतील तर घटतो, एक नवा नि एक जुना असेल तर जागचा हलत नाही. तो २०० ने वाढला, तर २०० नवे करार झाले एवढेच कळते. पुढाकार घेणाऱ्याच्या बाजूविषयी तो मौन पाळतो.

पान आणि पोटेशमन यांनी केवळ नव्या खरेदीचे गुणोत्तर घेतले. ते कमी असलेल्या शेअरनी, ते जास्त असलेल्या शेअरपेक्षा दुसऱ्या दिवशी ०.४ टक्क्याहून आणि पुढील आठवड्यात १ टक्क्याहून अधिक सरस परतावा दिला. येथे पुटची गर्दी म्हणजे खरोखरच मंदी. झ्वाइगच्या नेमके विरुद्ध. भाकितशक्ती होती, पण ती जाणकारांच्या खाजगी माहितीतून आलेली होती. सर्वांना दिसणाऱ्या आकड्यांतून तेच गुणोत्तर बांधले, तेव्हा परिणाम जेमतेम एक-दोन दिवस टिकला आणि मग भाव माघारी फिरले. निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये तर जाणकारांच्या माहितीचा माग लागलाच नाही. कारण समजण्याजोगे आहे : निर्देशांकाचा पुट पुष्कळदा घबराटीने नव्हे, तर हातातील शेअरचा विमा म्हणून घेतला जातो.

अशा परीक्षेत आणखी एक सापळा असतो. भाव चढला की त्याच दिवशी कॉलची मागणी वाढते, म्हणून गुणोत्तर आणि त्याच दिवसाचा परतावा यांची सांगड छान जुळते. पण ते भाकीत नव्हे, पडसाद होय. अमेरिकेत दिवसअखेरचा ओपन इंटरेस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी हाती येतो. तो आदल्या संध्याकाळीच ठाऊक होता असे धरून केलेली चाचणी फसवी ठरते.

मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराने ४ जून २००१ रोजी निफ्टीचे ऑप्शन सुरू केले. आपल्याकडे पीसीआर बहुधा ओपन इंटरेस्टवरून काढतात आणि पुट विकणारा जाणता मानून चढा आकडा तेजीचा ठरवतात. हा तिसरा अर्थ. तोही निर्देशांकावर, जिथे शिकागोच्या नोंदीत काही सापडले नव्हते. ग्राहक, परदेशी संस्था, देशी संस्था आणि दलालांचे स्वतःचे सौदे यांचा खरेदी-विक्रीनिहाय ओपन इंटरेस्ट हा बाजार रोज प्रसिद्ध करतो. एकूण पीसीआरपेक्षा तो तक्ता चाचणीला अधिक योग्य. तरीही परदेशी संस्थेने घेतलेला पुट हा मंदीचा डाव आहे की तिच्याकडील शेअरचा विमा, हे त्या तक्त्यातूनही उलगडत नाही.