तत्त्ववेत्त्याचा दगड की परीस?

जे. के. रोलिंग यांच्या १९९७ च्या कादंबरीच्या शीर्षकातील ‘फिलॉसॉफर’ हा शब्द अमेरिकी मुलांना रुक्ष वाटेल, या शंकेने तेथील प्रकाशकाने १९९८ मध्ये त्याजागी ‘सॉर्सरर’, म्हणजे जादूगार, हा शब्द योजला. २००१ चा इंग्रजी चित्रपट भारतातही याच अमेरिकी नावाने प्रदर्शित झाला. त्यामुळे किमयाशास्त्राचा संदर्भ पुसला जाऊन केवळ जादू उरली. हिंदी रूपांतरातील ‘पारस पत्थर’ या नावाने तो संदर्भ परत आणला, मात्र अर्धाच. भारतीय परंपरेतील परीस लोखंडाचे सोने करतो, अमरत्व देत नाही. कथेतील खलनायकाला तर सोने नव्हे, त्या दगडापासून मिळणारे संजीवन हवे असते. परिणामी परिचित शब्दाने प्रेक्षक जवळ आला, परंतु संघर्षाचे कारण शीर्षकाबाहेर राहिले.