शेरभर म्हटलं होतं

धोतर गुडघ्याच्या वर खोचा आणि उकिडवे बसा. डोळ्यांत जातोय तो अर्धवट ओल्या लाकडांचा धूर. वैशाखातलं ऊन मांडवाच्या डहाळ्यांतून गळतंय, पण खरा चटका बसतोय तो समोरच्या चरातल्या विस्तवाचा. तुम्ही मुळा नदीच्या खोऱ्यातल्या एका वाड्याच्या मागीलदारी आहात. पुढे मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी हे एक. आज इथं मुंज आहे आणि तुम्ही अण्णा आचाऱ्यांच्या हाताखालचं बारा-तेरा वर्षांचं पोर आहात.

नाकाला काय लागतं? आधी शेणानं सारवलेली ओली जमीन, मग चिंचेचा कोळ, आणि त्यावर मात करून आंबेमोहराच्या भाताचा वास. भात शिजतोय बिनमिठाचा. पांढरी, दाट पेज वेळून शेजारच्या घंगाळात काढलीय. तिकडं लक्ष असू द्या, ती लागणार आहे.

आमटी तुमच्याकडे आहे. अण्णांचं प्रमाण साधं: पायलीभर तुरीच्या डाळीला चिपटंभर खडेमीठ, त्यात शंभर पानं उठतात. काल ठरली होती दोनशे पानं, म्हणजे दोन पायल्या डाळ आणि दोन चिपटी मीठ. सकाळी यजमान घाम पुसत आले, "अण्णा, पौडाकडचीही मंडळी येताहेत, चारशे धरा." अण्णांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आज सगळं दुप्पट!" तुम्ही ते पक्कं डोक्यात ठेवलंत. चार पायल्या डाळ शिजत घातलीत, चिंच दुप्पट, गूळ दुप्पट.

मग भाताच्या चुलीवरून, भांड्यांचा खणखणाट आणि आतल्या बायकांचा गलका भेदून हाक आली, "पोरा, मीठ शेरभर घाल रे!"

शेरभर म्हणजे चार चिपटी. चार पायल्यांना चार. दुपटीचा हिशोब अण्णांनी मनातल्या मनात आधीच केलेला. पण तुमच्या कानात अजून "सगळं दुप्पट" घुमतंय. तुम्ही शेर भरलात, ओतलात. पुन्हा भरलात, ओतलात. खडे तळाशी करकरले, लांब डाव फिरला आणि आवाज बंद झाला. आमटीचा रंग बदलला नाही, वासही नाही. चाखून बघाल? हात मागे घ्या. नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला काही लावायचं नाही. या घरात मिठाची परीक्षा मापानंच होते, आणि माप चुकलं तर देवाला सगळ्यात आधी कळतं.

बाहेर पत्रावळी मांडल्या गेल्या. पानाच्या वरच्या बाजूला पहिलं वाढलं जातं ते मीठ. कमी पडलं तर जेवणारा बोटानं घेईल. जास्त झालेलं मात्र पानावर कुणाला काढता येत नाही.

नैवेद्य झाला. अण्णांनी तळहातावर थेंब घेतला, चाटला आणि तुमच्याकडे बघितलं. "किती घातलंस?"

"दोन शेर... दुप्पट."

शिव्या नंतर, आधी काम. शेजारच्या आत्याबाई कणकेचे गोळे घेऊन धावत आल्या. अण्णांनी त्यांना हातानंच थांबवलं. गोळा खारट पाणी शोषतो खरा, पण मीठ तेवढं वेचून घेत नाही. उरलेली आमटी होती तितकीच खारट राहते. जास्तीचा गूळ खारटपणा झाकतो, घालवत नाही. मीठ दुप्पट असेल तर आमटी दुप्पट करणं एवढंच हातात आहे. आणखी चार पायल्या डाळ शिजेपर्यंत पंगत ताटकळेल, आणि नुसतं पाणी ओतलं तर आमटीचा सारा दाटपणा जाईल.

"पेज आण!"

आता पळा. घंगाळ उचलताना बोटं भाजतील, भाजू द्या. अर्धी आमटी दुसऱ्या हंड्यात. तेही भांडं अंघोळीच्या पाण्याचं, राखेनं घासून घेतलेलं. दोन्हीकडं जेवढी आमटी तेवढी गरम पेज. वर पुन्हा चिंच, गूळ, गोडा मसाला आणि कढीलिंबाची चरचरीत फोडणी, कारण त्यांची चवही निम्म्यावर आलीय. मिठाचं माप अण्णांनी स्वतःच्या मांडीखाली ठेवलं.

"हर हर महादेव" झालं. तुमच्या हातात ओगराळं दिलंय, शिक्षा म्हणूनच असावी. पानापानाशी वाकताना पाठ मोडतेय, नाकावरचा घाम पुसायला हात मोकळा नाही. मंडळी भुरके मारतात, पुन्हा मागतात. आठशे पानांची आमटी, संपणार कुठली! पंगतीच्या टोकाला एक आजोबा द्रोण खाली ठेवतात, जीभ टाळ्याला लावून विचार करतात. अण्णांनी घाईत पेज जरा जास्तच ओतली होती.

"अरे बाळ," आजोबा म्हणतात, "मीठ वाढ पाहू थोडं."