डोक्याला टेंगूळ आलं : पुढचे चोवीस तास मुलाकडे कसं लक्ष ठेवावं?

मूल पडलं, डोकं आपटलं आणि दोन मिनिटांत कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं की घरात धावपळ उडते. कुणी टेंगूळ चोळतं, कुणी हळद-चुना शोधतं, कुणी थेट स्कॅन काढायला निघतं. सगळ्यांची नजर त्या टेंगळावर असते. पण टेंगूळ कवटीच्या बाहेर असतं आणि धोका असतो तो कवटीच्या आत होणाऱ्या रक्तस्रावाचा. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर असतात. मार बसला की त्या फुटतात आणि खाली लगेच कठीण हाड असल्याने रक्त बाहेरच्या बाजूला फुगून येतं. म्हणून कपाळावरचं मोठं टेंगूळही बऱ्याचदा किरकोळ असतं आणि कधी अगदी छोट्या टेंगळामागे मोठी इजा लपलेली असते. टेंगूळ मोजत बसण्यापेक्षा मूल कसं वागतंय ते पाहणं महत्त्वाचं.

पहिला अर्धा तास

समजा, चार वर्षांची मुलगी संध्याकाळी सात वाजता अंगणातल्या अडीच फुटी कट्ट्यावरून पडली. लगेच मोठ्याने रडली, आईने जवळ घेतल्यावर दहा मिनिटांत शांत झाली. ही चांगली खूण आहे. ती लगेच रडली याचा अर्थ शुद्धीवर होती. पडल्याची वेळ कागदावर किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवावी. पुढे डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

बर्फ पंचात किंवा रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं टेंगळावर हलकेच धरावा. बर्फ थेट कातडीवर लावू नये. टेंगूळ चोळू नये, नाणं किंवा चमच्याने दाबू नये, गरम शेक देऊ नये. दाबल्याने आणि शेकल्याने रक्त आणखी पसरतं.

डोकं दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालतं. ते वजनाच्या हिशोबाने, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम द्यावं. म्हणजे १५ किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त २२५ मिलिग्रॅम आणि दोन डोसांमध्ये सहा तासांचं अंतर. इथे एक चूक सर्रास होते. दुकानात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं आणि २५० मिलिग्रॅमचंही. म्हणजे 'एक चमचा' दिला तरी डोस दुप्पट होऊ शकतो. बाटलीवरचा आकडा वाचूनच औषध द्यावं. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. उलटी थांबवायचं औषधही घरच्या घरी देऊ नये. उलटी हीच आपल्याला हवी असलेली खूण असते, ती झाकली जाते.

मुलीला झोपू द्यावं का?

नऊ वाजता ती रोजच्या वेळेला पेंगायला लागली. 'डोक्याला मार लागल्यावर झोपू द्यायचं नाही' असं घरातली मोठी माणसं सांगतात. त्यामागची भीती खोटी नाही, पण रात्रभर जागं ठेवण्याची गरज नसते. पडल्यानंतर ती नीट बोलली, चालली, थोडं जेवली असेल तर तिला झोपू द्यावं. अकराच्या सुमारास एकदा आणि दोनच्या सुमारास एकदा हाक मारून, खांद्याला हलवून पाहावं. तिने कूस बदलली, कुरकुर केली, 'आई, झोपू दे ना' म्हटलं, तेवढं पुरे. हलवूनही जागच येत नसेल, किंवा डोळे उघडूनही ओळखत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.

हे का करायचं? काही वेळा कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठायला लागतं. सुरुवातीला मूल अगदी ठणठणीत दिसतं, खेळतंही. काही तासांनी मेंदूवर दाब वाढला की डोकेदुखी, उलट्या आणि गुंगी सुरू होते. मधल्या बऱ्या वेळामुळेच घरचे फसतात. पहिले चार ते सहा तास सर्वांत महत्त्वाचे, पण लक्ष निदान चोवीस तास ठेवावं.

या खुणा दिसल्या तर लगेच दवाखाना

पडल्यावर घाबरून रडताना एखादी उलटी होते, तेवढ्यावरून घाबरू नये. पण पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर थांबू नये :

- क्षणभर का होईना, शुद्ध हरपली होती
- दोन किंवा जास्त उलट्या
- वाढत जाणारी डोकेदुखी, किंवा तान्ह्या बाळाचं न थांबणारं रडणं
- झटका येणं
- असंबद्ध बोलणं, झोकांड्या जाणं, हात किंवा पाय लुळा पडणं
- एक बाहुली मोठी, एक छोटी दिसणं
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव अथवा रक्त येणं, कानामागे काळंनिळं होणं
- 'हे आपलं नेहमीचं पोर वाटत नाही' असं आईला वाटणं. डॉक्टरही ही खूण गांभीर्याने घेतात

झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावं. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. मान दुखत असेल किंवा हात-पाय हलत नसतील तर उचलून पळू नये, आहे तिथेच स्थिर ठेवून मदत बोलवावी.

काही मुलांना या खुणा नसतानाही दाखवावं. एक वर्षाखालच्या बाळाला कपाळ सोडून बाजूला किंवा मागे टेंगूळ आलं, आणि ते हाताला पिलपिलीत लागलं, तर खाली हाड तडकलेलं असू शकतं. दोन वर्षांखालचं मूल तीन फुटांपेक्षा, मोठं मूल पाच फुटांपेक्षा उंचावरून पडलं, दुचाकीवरून पडलं, किंवा त्याला रक्त न गोठण्याचा आजार असेल, तरी डॉक्टरांना दाखवावं.

सीमाभागातल्या घरांसाठी एक गोष्ट : १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोव्यात एकच आहे. फोन केल्यावर गाव, तालुका आणि राज्य तिन्ही स्पष्ट सांगावं. चंदगड किंवा खानापूर तालुक्यातून बेळगावला निघताना त्या दवाखान्यात सीटी स्कॅन आणि रात्रपाळीचे डॉक्टर आहेत का, हे आधी फोनवर विचारावं.

स्कॅन सर्वांनाच लागतं का?

नाही. साध्या एक्स-रेमध्ये आतला रक्तस्राव दिसत नाही. तो सीटी स्कॅनमध्ये दिसतो, पण त्यात किरणोत्सर्ग असतो आणि लहान मुलांना तो शक्यतो टाळतात. म्हणून बऱ्याच मुलांना डॉक्टर तपासून काही तास नजरेखाली ठेवतात. ते टाळाटाळ करताहेत असं समजू नये.

दुसऱ्या दिवशी डोळा काळा का झाला?

सकाळी मुलगी उठली, दूध प्यायली, खेळायला लागली. टेंगूळ बसलं, पण त्याच बाजूची पापणी सुजून निळी झाली. कपाळावरचं रक्त खाली उतरतं म्हणून असं होतं. पापणीचा रंग पुढे हिरवट-पिवळा होऊन जातो. मात्र कपाळाला मार नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळं झालं, तर ती कवटीच्या तळाला तडा गेल्याची खूण असू शकते, तेव्हा लगेच दाखवावं.

संध्याकाळचे सात वाजले, चोवीस तास झाले आणि वरची एकही खूण दिसली नाही, तर मोठा धोका टळला. तरी पुढचे काही दिवस सायकल, झाडावर चढणं, धक्काबुक्कीचे खेळ बंद ठेवावेत. आणि या दिवसांत डोकेदुखी वाढली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर 'ते तर परवा पडलं होतं' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांकडे जावं आणि लिहून ठेवलेली पडल्याची वेळ सांगावी.