हस्तांतरण किंमत (साखर विभाग व डिस्टिलरी)

एकाच कंपनीचा एक विभाग आपला माल दुसऱ्या विभागाला देतो, तेव्हा हिशेबापुरती लावलेली किंमत. पैसा कंपनीबाहेर जात नाही, पण नफा कोणत्या विभागाच्या नावावर दिसायचा हे या किमतीवर ठरते. बीड जिल्ह्यात तेलगाव, पवारवाडी, पांगरी या ठिकाणी साखर कारखाने आहेत. अशा कारखान्याला स्वतःची डिस्टिलरी जोडली, की साखर विभागाची मळी तिचा कच्चा माल बनते आणि तिचा दर काय लावायचा हा प्रश्न उभा राहतो.

काल्पनिक उदाहरण घेऊ. १ लाख टन उसाच्या गाळपातून सुमारे ४ टक्के, म्हणजे ४,००० टन सी-हेवी मळी निघाली. तिचे ९ लाख लिटर इथेनॉल झाले आणि ५८ रुपये लिटरने ५.२२ कोटी रुपये आले. लिटरमागे ८ रुपये प्रक्रियाखर्च धरला, तर तो ७२ लाख होतो. मळीचा अंतर्गत दर टनाला ६,००० रुपये लावल्यास साखर विभागाकडे २.४० कोटी जमा होतात आणि डिस्टिलरीचा नफा २.१० कोटी दिसतो. दर १०,००० केला, की साखर विभागाची जमा ४ कोटी होते आणि डिस्टिलरीचा नफा ५० लाखांवर येतो. १ कोटी ६० लाख इकडून तिकडे गेले. कंपनीचा एकूण नफा रुपयानेही बदलला नाही. दर ११,२५० च्या वर नेला, तर डिस्टिलरी तोट्यात दिसेल.

मग भांडण कशाचे? शेतकऱ्याच्या वाट्याचे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर कायद्यातील महसूलवाटपात साखर, मळी, बगॅस व प्रेसमड यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाला धरण्याची पद्धत आहे. इथेनॉलचा नफा त्यात येत नाही. म्हणून वरच्या उदाहरणात दर १०,००० ऐवजी ६,००० ठेवल्यास वाटपाच्या हिशेबातून १.१२ कोटी, म्हणजे टनामागे ११२ रुपये गळतात. अर्थात हा फरक ऊसबिलात तेव्हाच उतरतो, जेव्हा या सूत्राने निघणारा दर एफआरपीपेक्षा जास्त असतो.

बी-हेवी मळीत गफलत आणखी सोपी. तिच्यात काढता येण्याजोगी साखर मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे साखरेचा उतारा घटलेला दिसतो; वर तिला सी-हेवीचा दर लावला, तर त्या साखरेचे मोल डिस्टिलरीच्या पदरात पडते. म्हणून बी-हेवीच्या दरात सोडलेल्या साखरेची किंमत धरलीच पाहिजे.

योग्य दराची उत्तम कसोटी बाजार हीच. त्याच हंगामात कारखान्याने शिल्लक मळी बाहेर निविदेने विकली असेल, तर तो दर आणि अंतर्गत दर शेजारी ठेवून पाहावेत; मळीची प्रत मात्र सारखी हवी. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ८०-आयए(८) नेही करसवलतीच्या उद्योगाशी होणाऱ्या अशा हस्तांतरणाला बाजारमूल्याचीच अट घातली होती. ताळेबंद वाचणाऱ्या सभासदाने विभागवार नफ्याआधी मळीचा हा दर विचारावा.